ऑरोविलला जाताना गावची माती सोबत न्या (मातीच्या शाळेसाठी)

आमच्या गावाकडे दोन खोल्यांची शाळा दाबलेल्या मातीच्या ब्लॉकची करायचं चाललंय, म्हणून पुद्दुचेरीजवळ ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूटला जाऊन आलो. तिथलं व्हिजिटर्स सेंटर आधी बघाच, सगळं अशाच ब्लॉकचं आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा, तिकडचा मुख्य पाऊस तेव्हाच असतो आणि मातीचं काम पावसात होत नाही.

पण खरं सांगायचं ते मातीबद्दल. तिथली माती लाल, वाळूदार, आपल्याकडे वर काळी आणि खाली मुरूम, त्यामुळे तिथलं प्रमाण जसंच्या तसं इथे लावलं तर फसणार. दोन्हींचे नमुने वेगवेगळ्या पिशवीत न्या आणि वरचा मुळं-पालापाचोळ्याचा थर आधीच काढा, ओली केल्यावर कुजका वास आला तर ती माती नकोच.

बाटलीत माती-पाणी हलवून ठेवलं की वाळू मिनिटभरात खाली बसते, गाळ अर्ध्या तासात आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत. सिमेंट घालायचं असेल तर साधारण निम्मी वाळू, 15 टक्के बारीक खडी, 15 टक्के गाळ आणि 20 टक्के चिकणमाती अशी माती चांगली. पण बाटलीत चिकणमाती फुगून जास्त दिसते, म्हणून तेवढ्यावर निर्णय घेऊ नका.

माझ्या मते सगळ्यात कामाची चाचणी म्हणजे आकसण्याची. 60 सेंमी लांब, 4 सेंमी रुंद आणि 4 सेंमी खोल लाकडी साचा, आतून तेल लावायचं, ओलसर माती ठोकून भरायची आणि सावलीत आठवडाभर वाळवायची, मग सगळे तुकडे एका टोकाला सरकवून राहिलेली फट मोजायची. फट 15 मिमीपेक्षा कमी असेल तर 18 घमेली मातीला 1 घमेलं सिमेंट, 15 ते 30 असेल तर 16 ला 1, 30 ते 45 ला 14, 45 ते 60 ला 12, असा ठोकताळा आहे. आमच्या काळ्या मातीची फट 50 च्या वर गेली, मुरमाची 20 च्या आसपास, म्हणजे मुरूमच घ्यायचा, 16 ला 1. काळीत सिमेंट ओतत बसण्यापेक्षा वाळू मिसळून फट कमी करणं स्वस्त पडतं, आणि चिकणमाती फारच असेल तर सिमेंटपेक्षा चुना बरा चालतो.

पाण्याचा अंदाज गोळ्यावरून. मुठीत दाबलेला गोळा खांद्याच्या उंचीवरून टाकला आणि चार-पाच तुकडे झाले की बरोबर, भुगा झाला तर कोरडं, नुसताच चपटा झाला तर जास्त ओलं. सिमेंट आधी कोरडंच मिसळायचं, नंतर पाणी, आणि तेवढा माल अर्ध्या तासात संपवायचा, पुढे सिमेंट धरायला लागतं. ठोकून भरलेल्या भिंतीलाही हाच नियम, तिथे 15 सेंमीचा सैल थर 10 सेंमीपर्यंत ठोकतात आणि वरखाली थर कमीजास्त ओले झाले की रेघेवरून तडा जातो.

ब्लॉक 4 आठवडे झाकून ओले ठेवायचेच, उन्हात वाळवले तर वरून छान दिसतात पण कडा बोटाने सुटतात. त्यानंतर एक ब्लॉक दिवसभर पाण्यात बुडवून मगच फोडून बघा, ओल्यात ताकद साधारण निम्मी होते, आणि लॅबला द्यायचे असतील तर ओल्या ब्लॉकचा आकडा मागून घ्या, मातीच्या ब्लॉकचं भारतीय मानक आयएस 1725 दाखवा.