माथेरानच्या गर्दीवरचे माझे प्रश्न तीनदा परत आले

प्रेझेंटेशन पंधरा मिनिटांचं होतं. त्यासाठी लोकांना विचारायच्या प्रश्नांवर सही मिळवायला मला अडीच आठवडे लागले. आता गुण मिळून गेलेत, तरी लिहिताना अजून चीड येतेच.

एम.ए.ला पर्यटन अभ्यास हा विषय. गटातल्या बाकीच्यांनी परदेशातली शहरं घेतली, मी माथेरान घेतलं. भांडुपहून लोकलने नेरळ, तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका, म्हणजे एका दिवसात जाऊन येता येतं. दुसरं कारण असं की दस्तुरीच्या पुढे गाड्यांना बंदी आहे. त्यामुळे तिथली गर्दी म्हणजे ट्रॅफिक जॅम नाही, निव्वळ माणसं आणि घोडे. २०११च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या ४,३९३ होती. आमच्या दोन-तीन सोसायट्यांत तेवढी माणसं असतील.

विषय मंजूर, आराखडा मंजूर. पुढे नियम असा, की लोकांना भेटण्याआधी प्रश्नावली विभागाच्या समितीकडून सही करून आणायची. माझे वीस प्रश्न चौथ्या दिवशी परत आले. वर लाल पेनाने दोनच शब्द होते, ‘प्रश्न सुधारा’. कुठला, कसा, काही नाही. विचारायला गेले तर समितीतले सर रजेवर आणि फाइल कपाटात. कपाटाची किल्ली अर्थातच सरांकडे.

मी शब्द इकडचे तिकडे करून पुन्हा दिले. परत आले. या वेळी प्रश्न सातला गोल केला होता. तो असा होता : ‘पर्यटनामुळे उत्पन्न वाढले, पण त्रासही वाढला, असे आपणास वाटते का?’ गोल का केला ते लिहिलेलं नव्हतंच. दोन दिवसांनी ट्रेनमध्ये उभी असताना माझं मला कळलं. समोरचा ‘हो’ म्हणाला, तर तो नेमकं कशाला हो म्हणाला? उत्पन्नाला, त्रासाला, की दोन्हीला? माझ्या यादीत असे जोडप्रश्न पाच निघाले. (तुम्हीही तपासा. प्रश्नात ‘पण’ किंवा ‘आणि’ आला की संशय घ्यायचा.)

पाच प्रश्न फोडून तिसऱ्यांदा दिले आणि वाट बघून कंटाळल्यावर एका शनिवारी सहीविनाच माथेरानला गेले. हे नियमात बसत नाही, त्या दिवशीचं काहीही मी प्रेझेंटेशनमध्ये वापरलेलं नाही. पण गेले नसते तर अजून त्याच कपाटासमोर उभी असते.

बाजारपेठेत चिक्की-चपलांच्या दुकानातल्या काकांना विचारलं, ‘गर्दीचा त्रास होतो का?’

‘अहो ताई, गर्दी आहे म्हणून तर चूल पेटते.’

घोडेवाल्याला विचारलं, तेच. लॉजवाल्याला विचारलं, तेच. बारा जणांत बाराही जण खूश! मी परतीच्या लोकलमध्येच निष्कर्ष लिहून टाकला, की स्थानिकांना गर्दी चालते. सोमवारी आमच्या मार्गदर्शक मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, ‘ज्याचं पोट गर्दीवर आहे त्याला तू गर्दीबद्दल मत विचारलंस. तो दुसरं काय सांगणार? मत विचारू नकोस, शनिवार विचार.’

यादी तिसऱ्यांदा परत आली होती आणि त्यावर पहिल्यांदाच पूर्ण वाक्य होतं : ‘घोडेवाला व शिक्षक यांना एकच प्रश्न कसा?’ हेच पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर? असो.

मग यादी फेकून नवी केली. ‘त्रास होतो का’च्या जागी आलं : ‘गेल्या शनिवारी घरची भाजी किती वाजता आणलीत?’ सही मिळाल्यावर त्याच दुकानात गेले. या वेळी काकू बसल्या होत्या. ‘शनिवारी? मी शुक्रवारीच आणून ठेवते. शनिवारी बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि भावही पाहुण्यांचा असतो.’ ‘घरातलं शेवटचं लग्न कुठल्या महिन्यात झालं?’ यावर त्या हसल्याच. मे महिन्यात माथेरानात कोण लग्न काढतं? सीझनचा धंदा सोडून कार्य केलं तर वर्षभर खायचं काय? काकांनी ज्याला त्रास म्हटलं नव्हतं तो हा होता. सगळं घर आपला आठवडा आणि आपलं वर्ष पाहुण्यांच्या कडेकडेने जगतं, पण त्याला कोणी तक्रार म्हणत नाही.

पुस्तकात आम्हाला डॉक्सी नावाच्या अभ्यासकाची १९७५ची चढण शिकवतात. गाव आधी पाहुण्यांवर खूश असतं, मग त्याला सवय होते, मग वैताग येतो आणि शेवटी उघड विरोध होतो. मला खटकलं ते असं की त्यात गाव म्हणजे जणू एकच माणूस. इथे तर एकच काकू शनिवारी दुपारी वैतागलेल्या असतात आणि रात्री गल्ला मोजताना खूश. म्हणून प्रश्नात वार आणि वेळ हवीच.

उत्पन्नाचंही तसंच. ‘महिन्याला किती कमावता?’ असं विचाराल तर चहासुद्धा मिळणार नाही. त्याऐवजी घोडेवाल्याला विचारा : घोडा स्वतःचा की मालकाचा? पावसाळ्यात फेऱ्या नसताना चाऱ्याचे पैसे कुठून येतात? फेरीच्या पैशातलं त्याच्या हातात काय उरतं, ते इथे कळतं. शिक्षकांना मात्र मी वाहतुकीचं विचारलं. डिसेंबर २०२२मध्ये प्रायोगिक ई-रिक्षा आल्या तेव्हा शाळेच्या वेळेला मुलांना जागा मिळते की पाहुण्यांना, हा प्रश्न त्यांच्या घरात रोजचा होता. हीच ई-रिक्षा घोडेवाल्याच्या घरात पोटावर पाय. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, त्यामुळे तिसऱ्या एका घरात तिसराच प्रश्न. ‘घोडेवाला व शिक्षक यांना एकच प्रश्न कसा?’ या शेऱ्याचा अर्थ मला इथे उलगडला.

विसरायच्या आत सांगते : रविवारी मुलाखती घेऊ नका, कोणाला वेळ नसतो. मंगळवारी जा, लोक खुर्ची देतात. आणि ‘पर्यटक’ असा एकच गठ्ठा करू नका. दहाला येऊन पाचला उतरणारा आणि दोन रात्री राहणारा यांची गावावर पडणारी छाया वेगळी. पहिला रस्ता आणि पॉइंट भरून टाकतो, पण खर्च वडापाव आणि घोड्यापुरता. दुसरा खोलीचं भाडं देतो, पण शार्लोट लेकचं पाणीही जास्त वापरतो. दस्तुरीवरचा प्रवेशकर डोकी मोजतो, रात्री मोजत नाही. हा मुद्दा मी स्लाइडवर ठेवला आणि चर्चा यावरच झाली.

‘मग मर्यादा घाला की,’ असं कोणीतरी म्हणणारच, तयारी ठेवा. मद्रास उच्च न्यायालयाने २०२५च्या उन्हाळ्यासाठी उटीला आठवड्याच्या दिवसांत ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० गाड्यांची मर्यादा घातली होती. ती गाड्यांची आहे. माथेरानला दस्तुरीच्या पार्किंगवर गाड्या अडवता येतील, पण मिनी ट्रेनने येणारा आणि नेरळहून पायी चढणारा त्या मोजणीत येतच नाही.

हे सगळं मी ठसक्यात सांगितलं. मग मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, ‘खालच्या वाड्यांतून रोज सकाळी कामाला वर चढतात आणि संध्याकाळी उतरतात, ते तुझ्या यादीत रहिवासी आहेत की पाहुणे?’

त्यांच्यासाठी माझ्याकडे एकही प्रश्न नव्हता.