एका रिकाम्या चौकटीचा दिवस

२०२४ च्या दसऱ्याला आठवडा उरला होता. सीताबर्डीवरच्या एका मोबाईल दुकानाचे मालक सकाळी साडेदहालाच धरमपेठेतल्या आमच्या कार्यालयात आले. आम्ही दुकानांसाठी पत्रके, दरपत्रके आणि फलक यांचा मजकूर तयार करून छपाईला देतो. त्यांच्या हातात वहीचे एक पान होते, आणि त्यावर आयफोन १५ व गॅलॅक्सी एस२४ या दोन फोनांची तुलना करणारा एकच सलग परिच्छेद लिहिलेला होता. "ताई, गिऱ्हाईक हे वाचतच नाही. दोन ओळी वाचते अन् मलेच विचारते," असे ते म्हणाले. त्यांना शेजारीशेजारी दोन रकान्यांचा तक्ता हवा होता, आणि संध्याकाळी सहापर्यंत पान छापखान्यात जायला हवे होते.

मला हे तासाभराचे काम वाटले. परिच्छेदातला एकेक मुद्दा उचलायचा, डावीकडे त्याचे नाव लिहायचे आणि पुढच्या दोन चौकटी भरायच्या, एवढीच माझी पद्धत होती आणि आजवर ती चालत आली होती. पडदा आणि वजन या ओळी लगेच झाल्या. परिच्छेदात "किंचित मोठा" आणि "वजनालाही हलका" असे शब्द होते. तक्त्यात असे शब्द चालत नाहीत, कारण "किंचित मोठा" या म्हणण्याला दुसऱ्या फोनाचा आधार लागतो, तर तक्त्यातली प्रत्येक चौकट एकटी वाचली तरी कळायला हवी. म्हणून दोन्ही कंपन्यांची अधिकृत माहितीपत्रके उघडून मी ६.१ आणि ६.२ इंच, तसेच १७१ आणि १६७ ग्रॅम हे आकडे भरले. आकडे शेजारी आल्यावर "हलका" या शब्दामागे चारच ग्रॅम आहेत हेही उघड झाले.

अडचण पुढच्या वाक्यात होती. ते असे होते: "दोन्ही फोन पाण्यापासून सुरक्षित आहेत, मात्र याची बॅटरी ४००० एमएएच आहे आणि व्हिडिओ २० तास चालतो." मागचे वाक्य गॅलॅक्सीबद्दल होते, म्हणून "याची" म्हणजे गॅलॅक्सीची असे धरून मी ४००० आणि २० हे दोन्ही आकडे त्याच रकान्यात टाकले. आयफोनच्या रकान्यात मात्र एकाखाली एक दोन चौकटी रिकाम्या राहिल्या. सलग वाचताना त्या वाक्यात काहीच खटकले नव्हते. पण तक्त्यात उणीव लपत नाही, आणि त्या दोन पांढऱ्या चौकटींमुळेच मी थांबले. पडताळणी केल्यावर कळले की ४००० एमएएच ही क्षमता गॅलॅक्सीचीच आहे, पण २० तासांचा दावा आयफोन १५ चा आहे, आणि गॅलॅक्सीसाठी त्याची कंपनी २९ तासांपर्यंतचा आकडा देते. मालकांनी दोन्ही फोनांची माहिती डोक्यात ठेवून एका दमात लिहिले होते, आणि एका "याची"ने दोन फोनांची बॅटरी एकत्र केली होती. तसेच छापले असते, तर गॅलॅक्सीचे नऊ तास कमी झाले असते.

त्यानंतर मी तक्ता पुसला आणि पद्धत बदलली. आधी एका कोऱ्या कागदावर परिच्छेदातले प्रत्येक विधान स्वतंत्र ओळीत उतरवले आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या फोनाचे, कशाबद्दलचे आणि किती, हे तिन्ही लिहिले. या तिन्हींपैकी एक जरी परिच्छेदातून निर्विवाद मिळत नसेल, तर तिथे प्रश्नचिन्ह केले. "हाताला छान बसतो" यासारखी मते वेगळी काढली, कारण ती दुकानात बोलून सांगायची गोष्ट आहे. प्रश्नचिन्हे सहा निघाली.

आता आयफोनच्या बॅटरीची चौकट भरायची होती. कंपनी ही क्षमता एमएएचमध्ये जाहीर करत नाही. मालकांनी मोबाईलवर कुठूनसा एक आकडा शोधून दाखवला आणि तोच टाकण्याचा आग्रह धरला. मी तो टाकला नाही, कारण शेजारच्या चौकटीत कंपनीने दिलेला आकडा आणि या चौकटीत तिसऱ्याने सांगितलेला आकडा असे असताना वाचणारा दोघांवर सारखाच विश्वास ठेवतो. नुसती आडवी रेघ देण्यालाही माझी तयारी नव्हती. त्या रेघेचा अर्थ कोणी "नाही" असा घेतो, कोणी "माहीत नाही" असा, तर कोणी "छापायचे राहिले" असा. म्हणून मी तिथे शब्दांतच "कंपनी जाहीर करत नाही" असे लिहिले.

कॅमेऱ्याच्या ओळीवर आम्ही सर्वाधिक वेळ बोललो. परिच्छेदात गॅलॅक्सीच्या टेलिफोटो कॅमेऱ्याचा उल्लेख होता आणि आयफोनबद्दल मौन होते. ओळीचे नाव "टेलिफोटो कॅमेरा" ठेवले, तर आयफोनपुढे "नाही" लिहावे लागते आणि ते खरेही आहे. पण आयफोन १५ आपल्या ४८ मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्याच्या मधल्या भागातून दुप्पट जवळचे चित्र देतो, आणि ती सोय त्या "नाही"खाली दडपली जाते. ओळीचे नाव एकाच फोनाच्या वैशिष्ट्यावरून ठेवले की दुसरा फोन आपोआप उणा दिसतो. आम्ही नाव "झूम" केले, तेव्हा दोन्ही चौकटींत सांगण्यासारखे काही आले.

पाण्याच्या ओळीत उलट प्रकार होता. दोघांनाही आयपी६८ हेच मानांकन आहे, त्यामुळे दोन्ही चौकटींत सारखाच शब्द येणार होता. या मानांकनात खोली उत्पादकाने स्वतः सांगायची असते, म्हणून मी ओळीत मानांकनाऐवजी खोली आणि वेळ घातली. दुपारी चारला तक्ता असा झाला:

| | आयफोन १५ | गॅलॅक्सी एस२४ |
|---|---|---|
| पडदा | ६.१ इंच, ६० हर्ट्झ | ६.२ इंच, १२० हर्ट्झ |
| वजन | १७१ ग्रॅम | १६७ ग्रॅम |
| झूम | मुख्य कॅमेऱ्यातून २ पट | वेगळ्या भिंगातून ३ पट |
| पाण्यात | ६ मीटर, ३० मिनिटे | १.५ मीटर, ३० मिनिटे |
| बॅटरीची क्षमता | कंपनी जाहीर करत नाही | ४००० एमएएच |
| सलग व्हिडिओ | २० तासांपर्यंत | २९ तासांपर्यंत |
| आजची किंमत | | |

तक्त्याखाली मी एक ओळ जोडली: "तासांचे आकडे प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या चाचणीचे आहेत." वीस आणि एकोणतीस शेजारी छापले की ते एकाच मापाने मोजले आहेत असे वाटते, आणि तसे म्हणण्याइतकी माहिती आमच्याकडे नव्हती.

शेवटच्या ओळीवर मालकांनी बोट ठेवले. "बाकी सगळं भरलं ना ताई, मग हे काहून सोडलं?" मी त्यांना सांगितले की सणाच्या दिवसांत तुमचा भाव रोज बदलतो, आणि पत्रक मात्र दिवाळीपर्यंत वाटले जाणार आहे, या दोन चौकटी रोज सकाळी तुम्हीच पेनाने भरायच्या आहेत. त्यांनी खिशातला पेन काढून कच्च्या प्रतीवरच दोन्ही किमती लिहून पाहिल्या. पाच आकडे त्या चौकटीत दाटीने बसत होते. मी ती ओळ चार मिलिमीटरने उंच केली, आणि साडेपाचला पान छापखान्यात गेले.