पीपीडीए १३.६

रविवारचा फुटबॉलचा सामना आम्ही २-० ने जिंकला, तरी सोमवारी सकाळी आमच्या कोच सरांचा चेहरा उतरलेला. रात्री व्हिडिओ बघत, एकेक पास आणि टॅकल टिपून मी पाठवलेल्या अहवालाच्या पहिल्याच ओळीत होतं: पीपीडीए १३.६. आधीच्या सामन्यांत आम्ही आठ-नऊच्या आसपास असायचो.

"पोरं पळालीच नाहीत काय रे?"

पीपीडीए म्हणजे पासेस पर डिफेन्सिव्ह ॲक्शन, आपल्या दर बचावात्मक कृतीमागे त्यांचे किती पास. २०१४ मध्ये विश्लेषक कॉलिन ट्रेनर यांनी मांडलेलं हे माप तसं सोपं आहे. प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडचा ६० टक्के भाग घ्यायचा, म्हणजे १०५ मीटरच्या मैदानात ६३ मीटर. तिथं त्यांनी केलेल्या पासेसना आपल्या टॅकल, फसलेले टॅकल, इंटरसेप्शन आणि फाउल यांच्या बेरजेने भागायचं. उत्तर जितकं कमी, तितकं आपण त्यांना कमी पास खेळू दिले. आमचं गणित ३४० भागिले २५ असं होतं.

चूक सरांची नव्हती, नव्वद मिनिटांचा एकच आकडा पाठवणाऱ्या माझी होती. आमचा दुसरा गोल ३१ व्या मिनिटाला झाला. मी तिथं सामना कापला. तोवर त्यांचे ८४ पास आणि आमच्या १२ कृती, म्हणजे ७. त्यानंतर २५६ पास आणि १३ कृती, म्हणजे १९.७. दोन गोलांची आघाडी घेऊन आम्ही मध्यरेषेमागे येऊन उभे राहिलो होतो, आणि त्यांचे सेंटर-बॅक चेंडू आपापसात फिरवत बसले होते. मागे या, असं ओरडून सांगणारे सरच होते! (हे मी बोललो नाही.)

सर खूश झाले. पण त्या ७ वरही मला भरवसा वाटेना. १२ कृतींतले दोन फाउल रेफरीने दिले नसते, तर आकडा ८.४ झाला असता. शिवाय त्या बारांत पाच फाउलच होते, म्हणजे आमचा माणूस बऱ्याचदा उशिरा पोहोचत होता. माप मात्र स्वच्छ हिसकावलेला चेंडू आणि पाय घालून पाडलेला माणूस एकाच रकान्यात टाकतं.

मग मी १९ व्या मिनिटाची क्लिप लावली. आमचा स्ट्रायकर धावत जाऊन त्यांच्या डाव्या सेंटर-बॅककडची वाट अडवतो, विंगर फुल-बॅकला झाकतो, गोलकीपर गांगरतो आणि चेंडू सरळ साइडलाइनबाहेर मारतो. आमच्यापैकी कोणी चेंडूला हातपाय लावलेला नाही. आमच्या रकान्यात शून्य.

सरांनी ती क्लिप तीनदा मागे घेऊन पाहिली. "असं किती वेळा झालं?"

ते मी मोजलंच नव्हतं. दुपारी पुन्हा पहिल्या मिनिटापासून व्हिडिओ सुरू केला.