घडीत अडकलेलं एक अक्षर आणि दहा जणांची बैठक

माझा मित्र निफाडचा. द्राक्षाचा माल काढायला सुरुवात झाली की तो महिनाभर घरी जातो आणि अभ्यास व्हॉट्सअॅपवर येतो. गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला त्याचा फोटो आला, खाली एकच ओळ: "अर्धा तास झाला, बसतच नाही. तू बघ."

फोटो बँक क्लार्कच्या पूर्व परीक्षेच्या एका सराव पेपरचा होता, त्यातल्या बैठक व्यवस्थेच्या सेटचा: अटी वाचून कोण कुठे बसलंय ते ठरवायचं आणि खालचे प्रश्न सोडवायचे. खरी परीक्षा कॉम्प्युटरवर होते, पेपर घरी नेता येत नाही. मुलं बाहेर येऊन आठवेल तसे प्रश्न सांगतात आणि क्लासवाले त्यांतून असे पेपर छापतात. याने पेपर चार घड्या करून खिशात ठेवलेला, वरून ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. मी तेव्हा गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकेत होतो आणि झोप येत होती, म्हणून म्हटलं एक सेट सोडवून जाऊ.

फोटोवरून थेट सोडवायचं नाही हे मी जुन्या फटक्यांतून शिकलोय. मोठं करून एक अट वाचली की दुसरी स्क्रीनच्या बाहेर जाते आणि डोकं निम्मा वेळ बोटं सरकवण्यात जातं. म्हणून आधी अटी वहीत उतरवल्या. पहिल्या रांगेत ए, बी, सी, डी, ई दक्षिणेकडे तोंड करून बसलेत. दुसऱ्या रांगेत पी, क्यू, आर, एस, टी उत्तरेकडे तोंड करून. म्हणजे प्रत्येकाच्या समोर कुणीतरी एक. पुढे पाच अटी:

१. पी हा आरच्या डावीकडे दुसरा बसला आहे.
२. पीच्या समोर बसलेली व्यक्ती बीच्या उजवीकडे दुसरी आहे.
३. डी रांगेच्या एका टोकाला आहे. त्याच्या लगत ए बसला आहे आणि एच्या समोर टी आहे.
४. ई हा डीच्या ▢वीकडे दुसरा बसला आहे.
५. क्यू हा आरच्या शेजारी बसलेला नाही.

चौथ्या अटीतला तो चौकोन माझा. नेमकी तिथून कागदाची घडी गेली होती. "वीकडे" स्वच्छ दिसत होतं, पण त्याच्या आधी "डा" होतं की "उज", ते काही केल्या कळेना. मराठीतली गंमत अशी की हे दोन्ही शब्द शेवटाकडून सारखेच. तिसऱ्या अटीतही "टी" की "डी" असा घोळ होता, पण तो सुटला. ए आणि डी एकाच रांगेतले, त्यामुळे एच्या समोर डी बसूच शकत नाही. तिथे टीच.

मग पाच रकान्यांचा तक्ता आखला. वरची ओळ पहिल्या रांगेची, खालची दुसऱ्या रांगेची, रकान्यांना डावीकडून १ ते ५ आकडे. आर खाली ५ला, पी ३ला. वर बी १ला, कारण पीसमोरचा माणूस बीच्या उजवीकडे दुसरा, म्हणजे बीपासून दोन घरं उजवीकडे. मग डीला टोक उरलं ते ५. ए ४ला, खाली टी ४ला. चौथ्या अटीत "उजवीकडे" धरलं तर ई तक्त्याच्या बाहेर पडतो, म्हणून "डावीकडे", आणि ई ३ला. उरलेला सी २ला. सगळं सुरेख बसत चाललं होतं.

आणि शेवटी अडकलं. खाली १ आणि २ ही घरं रिकामी, बसायचे राहिले क्यू आणि एस. पाचवी अट म्हणते क्यू आरच्या शेजारी नको. पण आरच्या शेजारी टी आधीच बसलाय! क्यू १ला ठेवा नाहीतर २ला, कुणालाच काही फरक पडत नाही.

मला वाटलं खाली आणखी एक अट असणार, फोटोत कापली गेली. मित्राला लिहिलं, "अरे, सहावी अट राहिली. खालचा भाग पाठव." त्याने पाठवला. खाली थेट प्रश्नच होते.

इथे मी थांबलो ते एका गोष्टीमुळे. अशा सेटमध्ये सहसा एकही अट फुकट नसते. पेपर काढणारा प्रत्येक अटीवर काहीतरी काम सोपवतो. शेवटच्या अटीला काही कामच उरत नसेल तर अट कमी पडलेली नसते, आपलं आधी कुठेतरी चुकलेलं असतं. क्यू आणि आरचं नाव मुद्दाम घेतलंय, म्हणजे आरच्या शेजारी एक घर रिकामं राहायला हवं होतं. माझ्याकडे तिथे टी बसवलेला होता, आणि टी तिथे आला तो वरच्या रांगेतल्या एच्या मागोमाग. म्हणजे चूक वरच्या रांगेत.

मग डोक्यात प्रकाश पडला तो पंगतीमुळे. समोरासमोर दोन ओळी बसल्या की माझ्या पानात चटणी-लोणचं डावीकडे असतं. समोरच्याच्या पानातही ते त्याच्या डावीकडेच असतं, पण मला ते माझ्या उजव्या हाताला दिसतं. वाढणारा ओळ बदलतो तेव्हा त्याचाही हात याचमुळे घुटमळतो. दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्याचा डावा हात पूर्वेला येतो आणि कागदावर पूर्व आपण उजवीकडे धरतो. मी मात्र वरच्या रांगेचंही डावं-उजवं माझ्याच बाजूने मोजलं होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तक्ता भरायच्या नादात विसरलो, इतकंच.

नवा तक्ता आखताना पहिलं काम केलं ते बाणांचं. वरच्या ओळीच्या वर लिहिलं "उजवा ← → डावा", खालच्या ओळीच्या खाली "डावा ← → उजवा". पाच सेकंदांचं काम, पण मग प्रत्येक अटीला मनातल्या मनात तोंड फिरवून बसावं लागत नाही.

आता पुन्हा. पी आणि आर खालच्या रांगेत, म्हणून पी आरपासून दोन घरं डावीकडे. जोड्या तीनच होतात: पी १ आर ३, पी २ आर ४, पी ३ आर ५. तिन्हीसाठी शेजारी शेजारी तीन छोटे तक्ते काढले. एकाच तक्त्यात पेन्सिलीने खोडत बसलं तर कुठली शक्यता कधी मेली ते पाच मिनिटांनी आठवत नाही. दुसरी अट वरच्या रांगेची, तिथे उजवा हात कागदाच्या डावीकडे. म्हणजे बी हा पीच्या रकान्यापासून दोन घरं कागदाच्या उजवीकडे. थोडक्यात, तिन्ही तक्त्यांत बी बरोबर आरच्या डोक्यावर येतो.

तिसऱ्या अटीने मधला तक्ता गेला. डी १ला ठेवला तर ए २ला आणि त्याच्यासमोर टी हवा, पण तिथे पी आहे. डी ५ला ठेवला तर एला ४ हवं, तिथे बी आहे. तिसऱ्या तक्त्यात ५ला बी असल्यामुळे डी १लाच बसतो, ए २ला, टी खाली २ला. पहिला तक्ता जरा चिवट निघाला, त्यात डी १लाही चालतो आणि ५लाही. म्हणून त्याचे दोन केले.

मग ती घडीतली अट. दोन्ही शब्द धरून पाहिलं. "उजवीकडे" म्हणजे ई हा डीपासून कागदाच्या डावीकडे दोन घरं. डी १ला असेल तर तिकडे घरच नाही, ५ला असेल तर ३ला बी बसलाय. सगळे तक्ते मेले. "डावीकडे" धरलं तर डी ५ला असलेला तक्ता मरतो, डी १ आणि बी ३ असलेलाही मरतो, कारण ईला ३ हवं. उरतो तो एकच, तिसरा. म्हणजे न दिसणारं अक्षर बाकीच्या अटींनीच सांगून टाकलं. शेवटी आर ५ला, त्याच्या शेजारचं ४ रिकामं, क्यू तिथे नको, म्हणून क्यू १ला आणि एस ४ला. पाचव्या अटीला तिचं काम मिळालं.

| | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|
| पहिली रांग (दक्षिण) | डी | ए | ई | सी | बी |
| दुसरी रांग (उत्तर) | क्यू | टी | पी | एस | आर |

या वेळी घड्याळ लावलं होतं, चार मिनिटांच्या आत झालं. पूर्व परीक्षेत रिझनिंगच्या या विभागाला ३५ प्रश्न आणि २० मिनिटं असतात, अशा एका सेटवर साधारण पाच प्रश्न. त्यामुळे चार मिनिटं परवडतात. पहिल्या वेळची अकरा मिनिटं परवडली नसती.

नंतर कुतूहल म्हणून खालचे प्रश्न जुन्या, चुकीच्या तक्त्यावरूनही सोडवून पाहिले. "एच्या लगेच डावीकडे कोण?" बरोबर उत्तर ई, आणि चुकीच्या तक्त्यावरूनही ई! कारण मी रांगही उलटी भरली होती आणि मोजतही उलटंच होतो, दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. "पीच्या समोर कोण?" तेही दोन्हीकडे ई, मधलं घर उलटवलं तरी मधलंच. पण "आरच्या समोर कोण?" या प्रश्नाला जुना तक्ता डी म्हणत होता, खरं उत्तर बी. "सीच्या समोर कोण?" याचं उत्तर एस, जुन्या तक्त्यावरून ते ठरतच नव्हतं. म्हणून एक-दोन उत्तरं जुळली की तक्ता बरोबर, असं मी आता मानत नाही. तपासायचं तर दोन रांगांना जोडणारा आणि मधल्या घराबाहेरचा प्रश्न घेऊन तपासायचं. चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून न ठरणाऱ्या प्रश्नात अंदाज ठोकण्यातही फारसा अर्थ नसतो.

तक्त्याचा फोटो मित्राला पाठवला. सरळ वरून, लाइटचा पट्टा येणार नाही असा. त्याचं उत्तर सकाळी आलं: "डावीकडे कशावरून धरलंस?" मी म्हटलं, "उजवीकडे धरून बघ, कुणाला जागा मिळते का." दहा मिनिटं शांतता. मग त्याने कागद सपाट करून, वर स्टीलचा डबा ठेवून पुन्हा फोटो पाठवला. घडीच्या सुरकुतीत अर्धा फाटलेला "डा" दिसत होता, आणि त्याच्यावर द्राक्षाच्या रसाचा एक डाग.