मिसळणाचा डबा आणि टीव्ही

दुपारी आईचा फोन आला. "टीव्ही गेला." गेला म्हणजे काय, विचारलं तर म्हणाली, "डोंगर दिसतोय नुसता."

गुगल टीव्ही जरा वेळ स्वस्थ पडला की आपोआप निसर्गचित्रं दाखवतो. आईला तो बिघाड वाटला. बरं, रिमोट दाबला की डोंगर जाऊन कसल्या कसल्या सिनेमांच्या पाट्या. त्यात तिचं एकही नाही.

शनिवारी गेलो. Settings मध्ये Accounts & Sign-in, तिथे तिचं खातं उघडून Apps only mode चालू केलं. शिफारशींच्या रांगाच्या रांगा नाहीशा झाल्या, उरली फक्त ॲपं. नको ती ओळीतून काढून टाकली. यूट्यूबच्या चौकोनावर मधलं बटण दाबून धरलं, सरकवायचा पर्याय आला, त्याला पहिला नंबर दिला. स्वतःवर खूश होतो. मला नीटनेटक्या रांगांचं वेड आहेच, चपलासुद्धा मी जोडीनं लावतो.

आई म्हणाली, "आणि माझी सह्याद्री?"

ती यायची सेट टॉप बॉक्सवरून, म्हणजे ॲपांच्या ओळीत नाहीच, इनपुटमध्ये. शेवटी टीव्ही सुरू होताना शेवटचं इनपुटच उघडेल, अशी सेटिंग शोधून लावली. आता लाल बटण दाबलं की सरळ सह्याद्री.

लहानपणी आमच्या टीव्हीला सरकती दारं होती, त्यावर आईनंच विणलेला क्रोशाचा रुमाल. पडदा तापायला वेळ लागायचा, तोवर आम्ही चिडीचूप. निवडायचं काहीच नव्हतं, फक्त वाट बघायची. आई मात्र तेव्हाही स्वयंपाकघरातून ओरडायची, "आवाज मोठा करा रे!" फोडणीत हात, डोळे दाराकडे, आणि मिसळणाच्या डब्यातली हळद न बघता उचललेली. एकदा मी त्या वाट्या आकारानं लावून ठेवल्या होत्या. भाजीत हळदीऐवजी धणेपूड पडली. त्या दिवशी जे बोलणं खाल्लं, ते शनिवारी आठवायला हवं होतं. पण मी यूट्यूब पहिला ठेवून बसलो होतो.

एक भुर्दंड पडला. Apps only mode मध्ये रिमोटवरच्या माइकचा गुगल असिस्टंट चालत नाही. आई बटण दाबून "अभंग लाव" म्हणायची, ते बंद. दोन्ही हवं तर नाही जमत, सांगितलं. "पाट्या नकोत," म्हणाली. "अभंग मी शोधीन." तरी बटण दाबतेच कधी कधी.

डोंगर घालवायला Ambient mode मध्ये घरचा फोटोंचा अल्बम जोडला. नातवंडं, गावचं अंगण, बाबांचा कोट घातलेला फोटो.

आठवड्यानं पुन्हा फोन.

"ह्यांचा तेवढा काढ रे. मालिका लागली की उठून बातम्या लावायचे. आता वर येऊन बघत बसतात, अपराध्यासारखं वाटतं."

काढला.