नानांची म्हैस आणि वजनकाटा

मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीवर गेलो होतो तो गाईसाठी. नानांची संकरित गाय, दोन दिवस चारा सोडलेली, ताप १०५, मानेपुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली आणि कासेच्या आसपास गोचीड. रक्ताच्या काचेवर थायलेरिया, म्हणजे गोचिडातून येणारा रक्तातला परजीवी, दिसला होता. त्यावर ब्युपार्वाक्वोनचं इंजेक्शन द्यायचं. त्याचा डोस २० किलोला १ मिली, खोल मांसात.

"वजन किती असेल हिचं?" मी विचारलं.

"अडीचशे धरा," नाना म्हणाले. औषध महाग, त्यामुळे मालकाचा अंदाज नेहमी खालीच येतो. त्यात आजारी जनावर डोळ्याला आणखी बारीक दिसतं.

छातीच्या घेरावरून वजन काढायला टेप काढली. माझ्यासोबतच्या पोराने पुढच्या पायांमागून गुंडाळली आणि १६८ वाचले. पण गाय गव्हाणीत तोंड घालून एक पाय पुढे टाकून उभी, आणि टेप पाठीवरून पोटाकडे तिरकी गेलेली. तिरकी टेप नेहमी जास्तच दाखवते. गाय सपाट जागेवर आणली, चारही पाय सरळ, मान सरळ. टेप कोपराच्या लगेच मागून वर खांद्यामागे, उभी आणि अंगाला बसेल इतकीच घट्ट. तीनदा मोजलं, १६२ आले. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १३६.

मी वापरतो तो हिशेब असा: छातीच्या घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०,८४०. सगळी मापं सेंटिमीटरात, उत्तर किलोत. आले ३२९. त्या तिरक्या १६८ वर ३५४ झाले असते. घेराचा वर्ग होतो ना, म्हणून सहा सेंटिमीटरची चूक पंचवीस किलोची होते.

नानांच्या अडीचशेला साडेबारा मिली झालं असतं. मी साडेसोळा भरलं आणि एका जागी १० मिलीच्या वर नको म्हणून मानेच्या दोन बाजूंना वाटून दिलं. थायलेरियात कमी डोस गेला तर औषधाचे पैसेही जातात आणि गायही.

हे चालू असताना व्यापारी आला. नानांची भाकड म्हैस तो वजनावर घेणार होता. टेप बघून म्हणाला, "डॉक्टर, हिचंही माप टाका."

घेर १९०. माझ्या टेपच्या एका बाजूला सेंटिमीटर आहेत, दुसऱ्या बाजूला थेट किलो छापलेत. त्या बाजूला आकडा पाचशेच्याही बराच वर. नानांचा चेहरा खुलला. पण ते किलो होल्स्टिन गाईंच्या मापावर बसवलेले. म्हशीचा सांगाडा वेगळा, तिथे तो आकडा चालत नाही. लांबी मोजली, १४०. हिशेबाने ४६६. तरी हा अंदाजच, शिवाय सकाळी पाणी पिऊन पोट भरलेली म्हैस. वीस-तीस किलो इकडेतिकडे होणारच, हे दोघांनाही सांगितलं. नाना फुरंगटले. शेवटी ठरलं, रस्त्यावरच्या काट्यावर नेऊ. मलाही त्याच वाटेने जायचं होतं.

पिकअप भरून काट्यावर २,२९०. म्हैस उतरवून रिकामी गाडी १,७६०. म्हणजे ५३०!

"बघा डॉक्टर, तुमची टेप!" नाना हसले. व्यापारी माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच त्याला फसवलं.

चौसष्ट किलोचा फरक मला खटकला. टेपची चूक मी मान्य केलीच असती, पण इतकी चूक असेल तर माप घेतानाच काहीतरी वाकडं दिसतं. परत टेप टाकली, १९०च. मग गाडीकडे लक्ष गेलं. भरलेली गाडी काट्यावर आली तेव्हा नानांचा मुलगा मागे म्हशीचा दोर धरून उभा होता. रिकामी मोजताना तो खाली, म्हशीजवळ. ड्रायव्हर मात्र दोन्ही वेळा गाडीतच.

"दादा, जरा काट्यावर उभा राहा."

काटा दहा-दहा किलोने पुढे जाणारा. ७० दाखवले. ५३० वजा ७० म्हणजे ४६०. टेपपेक्षा सहा किलो कमी, आणि खरं सांगायचं तर इतकं जवळ येणं हा नशिबाचाच भाग.

काटेवाल्याने खांदे उडवले. त्याच्या पावतीवर गाडीचं वजन बरोबरच होतं. व्यापाऱ्याने ४६० धरून पैसे मोजले. नानांनी ते दोनदा मोजले आणि माझ्याशी न बोलता मुलाकडे बघून म्हणाले, "तुला कुणी सांगितलं होतं मागे चढायला?"

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. गाईने कडबा तोंडात धरला होता. म्हशीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.