'बोलत नाहीत' ही तक्रार कशी लिहायची

मंगळवार, जळगाव

आज भाची आली होती. रावेरकडच्या एका केळी पॅकहाउसमध्ये क्वालिटीचं काम बघते. तक्रारीचा अर्ज वाचून दाखवला: "साहेब मला मुद्दाम त्रास देतात, अपमान करतात." मालक हे वाचून म्हणणार, जुळवून घे. शिवीगाळ नाही, हात उचललेला नाही, मग दाखवायचं काय?

जेवण बाजूला ठेवून एकेक प्रसंग काढत बसलो.

अबोला आधी घेतला. नमस्काराला उत्तर मिळत नाही, हे लिहून उपयोग नाही. साहेब म्हणतील, लक्ष नव्हतं. पण तिने विचारलं, "या लॉटमधले डागाळलेले घड बाजूला काढू का?" तर साहेब फोनकडे बघत राहिले. तेच पाच मिनिटांनी शेजारच्या मुलाने विचारलं आणि लगेच उत्तर मिळालं. हा फरक लिहायचा. तारीख, प्रश्न, समोर कोण होतं आणि तोवर लाइन किती वेळ थांबली.

कंटेनरचा प्रसंग तर सरळच आहे. लोडिंग आठऐवजी पाचला ठरलं. निरोप ज्या ग्रुपवर पडला, त्यातून तिला काढलेलं. ती साडेसातला पोचली तेव्हा अर्धा कंटेनर भरलेला, आणि तपासणी राहिल्याचा ठपका तिच्यावर. इथे चार गोष्टी लागतात: माहिती कामाला लागणारी होती, इतरांना मिळाली, तिला मिळाली नाही, नुकसान तिच्या नावावर गेलं. ग्रुपमधून काढल्याची तारीख तिच्याच फोनवर दिसते. दुसऱ्याच्या फोनचे फोटो काढू नकोस म्हटलं, ते अंगाशी येतं.

श्रेय लाटल्याचा पुरावा मात्र आयताच सापडला. कोणत्या शेतकऱ्याचा माल किती रिजेक्ट होतो, ती शीट तिने बनवली. खरेदीदारासमोर साहेबांनी "मी बसवलेली पद्धत" म्हणून मांडली. गूगल शीटमध्ये Version history उघडली की कुणी कधी काय भरलं ते दिसतं.

एखादा प्रसंग विसराळूपणातही बसतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा घडतं हे दिसायला हवं. मोबिंगवर, म्हणजे कामाच्या जागी एखाद्याला सतत लक्ष्य करून छळण्यावर, सुरुवातीच्या काळात काम करणारे संशोधक हाइन्झ लेमन, असा त्रास आठवड्यातून एकदा तरी आणि निदान सहा महिने, अशी कसोटी लावायचे. ती अभ्यासातली कसोटी, कायदा नव्हे. आपल्याकडे २०१३ चा कायदा कामाच्या जागच्या लैंगिक छळापुरता आहे. अबोला, डावलणं अशा छळाला वेगळा कायदा नाही. म्हणून अर्जात कामाचं नुकसान ठळक हवं.

शेवटी तिने 'मुद्दाम' खोडलं. साहेबांच्या मनातलं सिद्ध करत बसण्यात अर्थ नाही. जरा नाखुशीनेच खोडलं तिने, आणि मला तिचा रागही पटतो. उद्या मालकांना मेल करेल, शिवाय कागदावर देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेईल.